पहाटे पाचला उडणारं ३३ केव्हीचं यार्ड

प्रश्न: सर, वाळवा तालुक्यात साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला आहे. हंगाम सुरू झाल्यापासून ३३ केव्ही यार्ड तीन वेळा अर्थ फॉल्टवर ट्रिप झालं, तिन्ही वेळा पहाटे साडेचार ते सहाच्या मध्ये. दिवसा मेगर केलं की सगळं ओके येतंय. एकदा शटडाऊन घेऊन इन्सुलेटर धुतले, तरी चार दिवसांनी परत उडालं. वेंडर म्हणतोय सगळ्या यार्डाला आरटीव्ही कोटिंग करा, आमचे साहेब म्हणतात अँटीफॉग डिस्क बसवा म्हणजे क्रीपेज वाढेल. समुद्र तर इथून कुठल्या कुठं, मग हे पोल्यूशन फ्लॅशओव्हरच आहे का? नक्की काय करावं?

उत्तर:

पहाटेची वेळ, अर्थ फॉल्ट, परत चार्ज केलं की लाइन गुपचूप उभी राहते, आणि दुपारी मेगर झकास. एवढं सांगितलंत तेव्हाच नव्वद टक्के उत्तर झालं. हो, पोल्यूशन फ्लॅशओव्हरच आहे. पण काय बसवायचं हे ठरवायच्या आधी दोन गोष्टी शोधायला लागतात, इन्सुलेटरवर नक्की काय बसलंय आणि त्याला ओलं कोण करतंय. माझ्या अनुभवात लोक पहिलीचा अंदाज करतात आणि दुसरी विचारतच नाहीत, आणि साखर कारखान्यात तर गंमत अशी असते की दुसरीच महत्त्वाची निघते.

आधी मेगरचं बघू. इन्सुलेटरवरची राख, धूळ, मीठ हे कोरडं असताना वीज वाहून नेत नाही. कोरड्या मिठाच्या खड्याला मेगर लावा, काही दाखवणार नाही. तेच मीठ ओलं झालं की पाण्यात विरघळतं आणि चिनी मातीच्या अंगावर एक पातळ वाहक थर तयार होतो. मग त्यातनं लीकेज करंट वाहायला लागतो. जिथं इन्सुलेटर अरुंद आहे, म्हणजे डिस्कच्या पिनजवळ, कॅपजवळ, तिथं करंटची दाटी जास्त, तिथं थर तापून वाळतो आणि एक कोरडा पट्टा पडतो. आता सगळं व्होल्टेज त्या दोन बोटं रुंदीच्या कोरड्या पट्ट्यावर येतं, तो पट्टा ते झेपवू शकत नाही, ठिणगी उडते. बऱ्याचदा ती ठिणगी विझते, परत लागते, रात्रभर हे चाललेलं असतं, तुम्ही झोपलेले असता. पण बाकीचा ओला थर जर जास्तच वाहक असला तर ठिणगी विझत नाही, लांबत जाते आणि एका झटक्यात अख्खा इन्सुलेटर ओलांडते. विजेचा कडकडाट नाही, स्विचिंग सर्ज नाही, रोजचंच व्होल्टेज पुरतं. उलट पहाटे लोड कमी असल्यामुळं ग्रीडचं व्होल्टेज जरा चढलेलं असतंय, तेही भर घालतंय.

म्हणून जोराचा पाऊस आपला मित्र, तो धुऊन नेतो. शत्रू म्हणजे दव, धुकं, आणि भुरभुर पाऊस, जो ओलं करतो पण धुवत नाही. निरभ्र रात्री इन्सुलेटर उघड्या आभाळाखाली आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडा जास्त थंड होतो, म्हणून पहाटे त्याच्यावर दव आधी धरतं, तुमच्या गाडीच्या काचेवर धरतं ना तसंच. आपल्याकडं परतीचा पाऊस एकदा आवरला की वळिवापर्यंत इन्सुलेटरला धुणारं कोणी नाही, आणि नेमका त्याच काळात हंगाम. चिमणीतनं बगॅसची राख, रस्त्यावरनं ट्रॅक्टरची धूळ, आजूबाजूला पाचट पेटवलेलं, वीटभट्ट्या, सगळं चार-पाच महिने बसत राहतं. मी काही वर्षं रत्नागिरीकडं काढलीत, तिथं उलटं चित्र, इन्सुलेटर बघाल तर स्वच्छ पांढरा, आणि पहाटे सगळ्यात आधी तोच उडणार. समुद्राचं मीठ दिसत नाही ना. आणि इथं काळाकुट्ट दिसणारा इन्सुलेटर महिनोन् महिने काही करत नाही, कारण काजळी दिसते जास्त, पण पाण्यात विरघळणारं त्यात कमी असू शकतं. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, एवढंच यातनं घ्या. म्हणून मोजायचं.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. को-जन असेल तर डीएम प्लांट आहेच, केमिस्टकडं कंडक्टिव्हिटी मीटर आहेच. शटडाऊनमध्ये, परमिट घेऊन आणि अर्थ रॉड लावून, एक डिस्क अलगद उतरवायची. हात लागला तर मोजमाप गेलं, घामात मीठ असतंय, म्हणून ग्लोव्ह्ज घाला आणि कॅप-पिनला धरा. ३०० मिली डीएम पाणी एका स्वच्छ भांड्यात घ्या, त्याची कंडक्टिव्हिटी आधी मोजून ठेवा, पाच-दहा मायक्रोसीमेन्सच्या आत पाहिजे. स्वच्छ धुतलेला कापूस त्यात बुडवून डिस्कचा वरचा आणि खालचा चिनी मातीचा भाग पुसत जायचं, कापूस परत त्याच पाण्यात पिळायचा, रिबमधल्या खाचा सुद्धा सोडायच्या नाहीत. सिमेंट आणि लोखंड पुसायचं नाही. नीट ढवळून परत कंडक्टिव्हिटी घ्या.

आता हिशेब. मीटर २५ डिग्रीला दुरुस्त करून आकडा देत असेल तर मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आकड्याला निम्मं केलं की साधारण एका लिटरमधलं मीठ मिलिग्रॅममध्ये येतं. मानकातलं सूत्र घातांकाचं आहे, पण या रेंजमध्ये उत्तर जवळपास तेच निघतं, यार्डात उभं राहून करायला निम्म्याचा हिशेब बास. नेहमीची २५५ मिमी व्यासाची डिस्क असेल तर दोन्ही बाजू मिळून पृष्ठभाग साधारण १६०० चौरस सेंटिमीटर धरा. एकूण मीठ भागिले क्षेत्रफळ, झालं, याला ईएसडीडी म्हणतात, म्हणजे जे काही बसलंय ते किती मिठाच्या बरोबरीचं आहे. उत्तर मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येतं. ०.०३ च्या आत असेल तर निवांत राहा, ०.०६ च्या पुढं गेलं की मी धुण्याची तारीख ठरवतो, आणि ०.१ च्या वर गेलं की हेवी.

आता जी केस सांगतोय ती अशाच कृष्णाकाठच्या एका कारखान्याची, नाव सांगत नाही. तुमच्यासारखंच, पहाटे ट्रिप, दोन आठवड्यात चार वेळा. गाळप थांबलं की गव्हाणीवर ट्रॅक्टरांची रांग आणि मग शेतकी अधिकाऱ्यापासून चेअरमनपर्यंत सगळे इलेक्ट्रिकलवर चढलेले. तिथंही राखेचंच नाव पुढं आलं होतं आणि यार्ड तसंही काळंच होतं. मी म्हटलं आधी एक रात्र यार्डाबाहेर बसू या. साडेतीन वाजता कुंपणाच्या बाहेर खुर्ची टाकून बसलो, लाइट बंद करायला लावले. सुरुवातीला नुसता चर्र आवाज, मग निळसर, आणि पाचच्या सुमाराला पिवळसर नारिंगी ठिणग्या. निळसर जांभळ्याला फार घाबरू नका, पिवळी-नारिंगी लांब ठिणगी दिसायला लागली की तो इन्सुलेटर उंबरठ्यावर आहे असं समजा. पण खरी माहिती वेगळीच मिळाली. ठिणग्या सगळ्या यार्डात नव्हत्या. फक्त पश्चिमेच्या बाजूच्या डबल पोलवर, पिन इन्सुलेटरवर होत्या, आणि गेटकडची बाजू, जी ट्रॅक्टरच्या धुळीनं जास्त काळी झाली होती, ती गप्प.

पश्चिमेला काय होतं? स्प्रे पाँड. कंडेन्सरचं गरम पाणी थंड करायला कारंजी उडवतात ना, ते. यार्डापासून साधारण साठ मीटर. पहाटे वारा त्या बाजूनं हलकासा येत होता आणि पाँडचे बारीक तुषार थेट त्या डबल पोलवर. म्हणजे धुक्याची वाट बघायची गरजच नाही, कारखान्यानं स्वतःचं धुकं तयार केलं होतं. वर ते पाणी शुद्ध नव्हे, फिरून फिरून घट्ट झालेलं, कंडक्टिव्हिटी १९०० च्या आसपास निघाली. प्रत्येक थेंब वाळताना मीठ ठेवून जाणार आणि पुढच्या पहाटे तोच पाँड त्याला ओलं करणार. गावात म्हणतात ना, घरचं झालं थोडं. समुद्र इथनं लांब म्हणालात, पण असा पाँड शेजारी असला की छोटासा समुद्रच झाला की.

दोन डिस्क उतरवल्या. पाँडच्या बाजूच्या डिस्कचं पाणी १६०० मायक्रोसीमेन्स, म्हणजे लिटरला ८०० मिलिग्रॅम, ३०० मिलीत २४० मिलिग्रॅम, भागिले १६००, उत्तर ०.१५. गेटकडच्या काळ्या डिस्कचं पाणी ५०० मायक्रोसीमेन्स, ३०० मिलीत ७५ मिलिग्रॅम, उत्तर ०.०४७. दिसायला जास्त घाण ती, आणि मीठ तिसरा हिस्सा. उरलेलं गाळण कागदातनं गाळून वाळवून वजन केलं, न विरघळणारी राख दोन्हीवर भरपूर होती. त्या राखेला हलकं समजू नका, ती स्वतः वीज वाहत नसली तरी पाणी धरून ठेवते, स्पंजसारखी, त्यामुळं मीठ तेवढंच असलं तरी राख जास्त असलेला इन्सुलेटर आधी उडतो.

आता क्रीपेज. क्रीपेज म्हणजे लाइनच्या लोखंडापासून अर्थच्या लोखंडापर्यंत इन्सुलेटरच्या अंगावरनं, प्रत्येक चढउतार धरून मोजलेलं अंतर. मुंगी चालत गेली तर तिला जेवढं चालावं लागेल तेवढं. नेमप्लेट नसेल तर न ताणणारा दोरा चिकटपट्टीनं अंगालगत बसवत न्या आणि मग सरळ करून मोजा. ३३ केव्हीच्या सिस्टिमला कमाल व्होल्टेज ३६ धरतात, आणि जुन्या पद्धतीनं हलक्या पोल्यूशनला किलोव्होल्टमागं १६ मिमी, मध्यमला २०, हेवीला २५, अतिहेवीला ३१ मिमी. म्हणजे ३३ केव्हीला हेवीसाठी ९०० मिमी आणि अतिहेवीसाठी १११६ मिमी लागणार.

त्या डबल पोलवर साधे पिन इन्सुलेटर होते, ५८० मिमीचे. ५८० भागिले ३६, म्हणजे १६, हलक्या पोल्यूशनचा. आणि बाजूच्याच टेन्शनला तीन डिस्क, प्रत्येकी २९२, मिळून ८७६, म्हणजे २४. ८७६ हेवीला थोडे कमी पडतात, पण जवळपास. म्हणजे एकाच स्ट्रक्चरवर एक १६ चा आणि एक २४ चा, आणि दोघांवर पडणारी घाण सारखी, मग उडणार कोण हे सांगायला नको. तुमच्याकडं अँटीफॉग डिस्क बसवायचा विचार चाललाय ना, तर आधी बघा की ट्रिपच्या वेळी उडतंय डिस्कवर का पिनवर. चकाकीवर पांढरट किंवा तपकिरी भाजल्याची खूण असते, कॅपवर, पिनवर किंवा क्रॉस आर्मवर वितळलेले मण्यांसारखे ठिपके असतात. दुर्बीण घेऊन बघा. पिन उडतोय आणि डिस्क बदलल्या तर पैसे घालून शून्य फरक.

अँटीफॉग डिस्क वाईट नाही. तिची क्रीपेज ४३० च्या आसपास, तीन लावल्या तर १२९० मिमी, स्ट्रिंगची लांबी वाढत नाही, जंपरची क्लिअरन्स बिघडत नाही, हा फायदा मोठा. पण ती क्रीपेज कुठनं येते? खालच्या बाजूच्या खोल रिबमधनं. समुद्राच्या खारट तुषारांना ते चांगलं, कारण ओलावा त्या खोल घड्यांच्या आत सहज पोचत नाही. पण कोरडी राख असेल तर ती त्याच खाचांत जाऊन बसते आणि पाऊस खालनं वर धुवत नाही. राखेच्या ठिकाणी कागदावरची क्रीपेज आणि कामाची क्रीपेज यात फरक पडतो. राख जास्त आणि मीठ कमी असेल तर मला साध्या, मोकळ्या आकाराच्या चार डिस्क परवडतात, ११६८ मिमी होते, फक्त स्ट्रिंग १४५ मिमीनं लांब होते म्हणून जंपर आणि खालची क्लिअरन्स आधी मोजून घ्या. तुमच्याकडं पाँडचं पाणी येत असेल तर अँटीफॉगला अर्थ आहे, पण आतनं हातानं पुसावं लागणार हे धरून चाला.

क्रीपेजच्या आकड्यात एक फसवणूक होते, मुद्दाम होते असं नाही, पण होते. हल्लीच्या मानकात आकडा फेज-टू-अर्थ व्होल्टेजवर देतात, जुन्यात फेज-टू-फेजवर. जुना १६ म्हणजे नवा २७.८, जुना २५ म्हणजे नवा ४३.३, जुना ३१ म्हणजे नवा ५३.७. कोटेशनमध्ये ‘२७.८ मिमी प्रति केव्ही’ वाचून तुम्हाला वाटेल हे आपल्या पंचवीसच्या वरचं आहे, आणि प्रत्यक्षात हलक्या पोल्यूशनचा माल घरी येतो. असं एकदा झालेलं मी बघितलंय. आकडा विचारू नका, थेट एकूण मिमी विचारा, ते कोणी फिरवू शकत नाही.

आता तुमचं धुणं. चार दिवसांत परत उडालं म्हणताय, तर मला दोन शंका आहेत. एक तर खालची बाजू राहिली. लोक पाइप धरून वरनं पाणी मारतात, वरचं चकचकीत होतं आणि वरचा चिखल वाहून खालच्या रिबमध्ये जाऊन बसतो. त्या कारखान्यात आधी नेमकं हेच झालं होतं, संध्याकाळी पाणी मारलं, ओलं असतानाच चार्ज केलं आणि त्याच रात्री उडालं. दुसरी शंका पाण्याची. आपल्या काळ्या रानात बोअरचं पाणी किती खारं असतंय तुम्हाला माहितीच आहे, दोन हजार मायक्रोसीमेन्सचं पाणी सहज निघतं. एका वेळच्या धुण्यात वाळून राहणारं मीठ तसं फार नसतं, पण खाचांत थेंब साठून तिथं वाळत गेलं आणि दर महिन्याला तेच केलं तर भर पडत जाते. माझी पद्धत अशी, लाइन डेड, दोन्ही बाजूंनी अर्थ, बॅकफीड नाही याची खात्री, को-जनचा टर्बाइन सेट त्यात धरून. मग ओल्या फडक्यानं हातानं घासायचं, चिकट असेल तर नायलॉनचा ब्रश आणि सौम्य साबण, लोखंडी काथ्या नाही आणि ॲसिड तर अजिबात नाही, चकाकी गेली की घाण दुप्पट वेगानं धरते. शेवटचं पाणी डीएमचं. वाळू द्यायचं, मग चार्ज.

लाइव्ह वॉशिंगबद्दल कोणीतरी सांगेलच, की चालू लाइनवर जेटनं धुतात, यूट्यूबवर हेलिकॉप्टरनं धुतलेलं पण दिसतं. खरं आहे, उत्तरेत धुक्यामुळं मोठ्या लाइनी उडायच्या म्हणून तिकडं असं धुतलं जातं आणि पुष्कळ ठिकाणी पोर्सिलेन काढून पॉलिमर बसवलेत. पण त्या कामाचं पाणी खास असतं, प्रतिरोध सतत मोजत राहतात, नोझल अर्थ केलेला, अंतर ठरलेलं, आणि खालनं वर जातात, कारण वरनं सुरू केलं तर घाण पाणी खालच्या न धुतलेल्या डिस्कवर ओघळतं आणि तुम्हीच फ्लॅशओव्हर घडवता. वाऱ्याच्या दिशेचा पण हिशेब असतो, तुषार ज्या बाजूला उडणार तिकडचे आधी. कारखान्याच्या लोकांनी फायरच्या पंपानं आणि बोअरच्या पाण्यानं हा प्रयोग करायचा नाही. पाण्याची धार वीज घेऊन परत माणसाकडं येते. एवढ्यावर थांबतो.

धुवायचं कधी, तर कॅलेंडर बघून नाही. हंगामाच्या सुरुवातीला चार स्वच्छ डिस्क यार्डाच्या कुंपणापाशी, करंट नसलेल्या, तारेनं टांगून ठेवा, दोन पाँडच्या बाजूला, दोन लांब. महिन्याला एकेक काढून मोजा. त्या कारखान्यात पाँडच्या बाजूला पहिल्या महिन्यात ०.०३ आणि दुसऱ्यात ०.०७ आलं, म्हणजे तिथं दीड महिन्यात धुणं आलं, आणि लांबच्या बाजूला अख्ख्या हंगामात एकदाच पुरलं. चालू लाइनवरच्या डिस्कवर यापेक्षा थोडं वेगळं बसतं, पण ट्रेंड कळायला हे पुरतं.

कोटिंगबद्दल मी विरोधात नाही. आरटीव्ही म्हणजे हवेत मुरणारा सिलिकॉन रबर, पोर्सिलेनवर फवारतात. फायदा हा की पाणी पसरत नाही, थेंब थेंब राहतात, सलग वाहक थर होत नाही. आणि त्यातला हलका सिलिकॉन हळूहळू वर बसलेल्या घाणीत झिरपून त्या घाणीलासुद्धा पाणी झटकायला शिकवतो, म्हणून कोटिंग केलेला इन्सुलेटर काळा दिसला तरी घासत बसायचं नसतं. पण लक्षात घ्या, क्रीपेज मिलिमीटरनं पण वाढत नाही. आणि सिलिकॉनचा हा गुण रोज रात्रभर भिजत राहिलं तर तात्पुरता मरतो, परत यायला कोरडा वेळ लागतो. पाँडच्या तुषाराखाली तो कोरडा वेळच मिळत नाही, मग त्याच्यावरही ठिणग्या सुरू होतात आणि रबर खात जातात. शिवाय राख इतक्या वेगानं बसत असेल की सिलिकॉन वर यायच्या आत पुढचा थर चढला, तरीही उपयोग कमी. म्हणजे पाँड तसाच ठेवून सगळं यार्ड कोट करणं म्हणजे छत गळतंय म्हणून घरात छत्री उघडून बसणं.

त्यामुळं तिथं आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो. यार्डाकडच्या कडेची कारंज्यांची एक रांग बंद केली, आणि पाँडच्या त्या कडेला पत्र्याचं उंच कुंपण घातलं. पहिल्या आठवड्यातच पहाटेचा चर्र आवाज निम्म्याहून कमी झाला, कुठलाही इन्सुलेटर न बदलता. मग त्या पश्चिमेच्या पट्ट्यातले ५८० चे पिन काढून ११०० च्या वर क्रीपेजचे सिलिकॉन पॉलिमरचे बसवले, बाकी यार्डाला हात लावला नाही. कोटिंग फक्त ट्रान्सफॉर्मर बुशिंग आणि सीटी-पीटीवर केलं, कारण ते बदलणं म्हणजे अख्खं उपकरण बदलणं, तिथं कोटिंगचा पैसा वसूल होतो. पॉलिमरवर जोराचा जेट मारायचा नाही हे नंतर हेल्परला दोन वेळा सांगावं लागलं. पुढच्या हंगामात फेब्रुवारीपर्यंत शांत गेलं आणि मग एक ट्रिप, शोधलं तर त्याच बाजूच्या एबी स्विचचे पोस्ट इन्सुलेटर, यादीतनं राहून गेलेले. तेव्हा यादी करताना एबी स्विच, डीओ फ्यूज, सगळं मोजा.

कोटिंग करून घेणार असाल तर वेंडरवर नजर ठेवायच्या दोन-तीन जागा आहेत. घाणीवर कोटिंग म्हणजे सहा महिन्यांत पापुद्रा, म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसूनच सुरू करायचं. पहाटे दवात किंवा पाँडच्या वाऱ्यात फवारायचं नाही, दुपारचं करा. वाळल्यावर जाडी ०.३ मिमीच्या खाली नको, ०.५ च्या आसपास बरी, एकाच जाड हातानं नाही तर दोन-तीन पातळ हातांनी, नाहीतर कडेला लोंबकळे येतात. जाडी कशी बघायची, तर फवारताना शेजारी काचेची पट्टी धरायला लावा, तिच्यावर तेवढाच थर बसतो, दुसऱ्या दिवशी ब्लेडनं सोलून मायक्रोमीटरनं मोजा. आणि खालची बाजू. सगळे वरनं सुंदर फवारतात आणि खाली रिबमध्ये पोर्सिलेन उघडं राहतं. मुरल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, शटडाऊन असतानाच स्प्रे बाटलीनं खालनं पाणी मारून बघा, गोल थेंब उभे राहिले तर ठीक, पाणी ओघळून पसरलं तर तिथं कोटिंग नाही. हीच बाटली घेऊन दरवर्षी हंगामाआधी चेक करायचं.

आता तुमच्याबाबत. मेगर परत करून बघायचं असेल तर कोरड्यावर करू नका, शटडाऊनमध्ये इन्सुलेटरवर स्प्रे बाटलीनं डीएम पाण्याचे हलके तुषार मारून, अर्थ तेवढ्यापुरता काढून, ५ केव्ही मेगर लावा. धुतलेला आणि न धुतलेला शेजारी शेजारी करा, फरक साहेबांना दाखवायला तेवढा एकच पुरतो. पण त्याच्या आधी उद्याच पहाटे कुंपणाबाहेर बसा, मोबाइलवर नुसता व्हिडिओ घेतलात तरी ठिणगी कुठल्या स्ट्रक्चरवर आहे ते कळेल, आणि वारा कुठनं येतोय ते बघायला एक उदबत्ती लावा. पाँडचं किंवा कूलिंग टॉवरचं पाणी मोजा, एक डिस्क जवळची आणि एक लांबची, आणि पिनची क्रीपेज दोऱ्यानं. हे चार आकडे इथं टाका, मग अँटीफॉग का पॉलिमर का नुसतं पत्र्याचं कुंपण, ते बघू. तोवर वेंडरला पीओ देऊ नका.